खूण एकीकडे, कात्री दुसरीकडे

ज्ञानेश्वरीचं संपूर्ण पारायण एका दमात ध्वनिमुद्रित केलं आणि एका ओवीला सरासरी दहा सेकंद धरले, तर नऊ हजारांच्या आसपास ओव्यांची ती फाइल पंचवीस तासांची होते. पण तिच्या आतले अठरा अध्याय काही सारखे नसतात. पहिल्यात २७५ ओव्या, अठराव्यात १८१०. म्हणजे पहिला अध्याय पाऊण तासात संपतो आणि शेवटचा पाच तास चालतो. अशी फाइल दर तासाला एक तुकडा या हिशेबाने कापली, तर जवळजवळ प्रत्येक तुकडा ओवीच्या मध्यावर तुटेल. कापायची तर अध्यायाच्या खुणेवरच.

मुळात कापायची कशाला, हा प्रश्न रास्त आहे. फोनवर श्राव्य पुस्तकांचं चांगलं ॲप असेल तर कापायची गरज नसते. अध्यायांची यादी दिसते, जिथे थांबलो ती जागा लक्षात राहते. अडतं ते गाडीतल्या पेनड्राइव्हवर, आजोबांच्या छोट्या प्लेअरवर, आणि कुणी फोन करून "मला फक्त बारावा अध्याय पाठव" म्हणतं तेव्हा. या उपकरणांना खूण कळत नाही, फाइल कळते.

हे काम करणारी साधनं पुष्कळ आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. त्यांच्याबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं ते बहुधा "कोणतं साधन चांगलं" यावरच थांबतं. माझ्या मते प्रश्न तिथे नाही. कात्री कोणतीही घ्या, ती कापतेच. बिघडतं ते दोन ठिकाणी: खूण मुळातच चुकीच्या जागी असते, किंवा खूण जिथे आहे तिथे त्या प्रकारच्या फाइलला कापताच येत नाही. दुसऱ्या अडचणीची चर्चा फार होते, नुकसान मात्र पहिलीमुळे जास्त होतं.

खूण म्हणजे आवाजात घातलेलं काही नसतं. आवाजाच्या शेजारी ठेवलेली ती एक वेगळी यादी असते: अमुक वेळेला अमुक नाव. ही यादी कुठे आणि कशी ठेवायची, हे प्रत्येक प्रकारच्या फाइलने आपापलं ठरवलं आहे. श्राव्य पुस्तकांच्या `.m4b` फाइलीत ती दोन ठिकाणी असू शकते. एक `chpl` नावाचा छोटा कप्पा, ज्यात फक्त सुरुवातीची वेळ आणि शीर्षक असतं. दुसरी जागा म्हणजे आवाजाच्या सोबत चालणारा मजकुराचा स्वतंत्र ट्रॅक. एखाद्या संपादन-प्रोग्रामने यातली एकच यादी दुरुस्त केली तर एका प्लेअरमध्ये अध्याय बरोबर दिसतात आणि दुसऱ्यात जुनेच, आणि माणूस प्लेअरला दोष देत बसतो. एमपीथ्रीमध्ये खुणा सुरुवातीच्या आयडीथ्री टॅगमध्ये बसतात. तिथे वेळ मिलिसेकंदात असते आणि सुरुवातीबरोबर शेवटही नोंदलेला असतो. फ्लॅक फाइलीसोबत बहुधा `.cue` नावाची साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात सेकंदाचे पंचाहत्तर भाग केलेले असतात, कारण ती पद्धत ऑडिओ सीडीवरून आली. मॅट्रोस्का म्हणजे `.mkv` फाइलीत नॅनोसेकंदापर्यंत वेळ लिहिता येते. नॅनोसेकंदात लिहिलेली खूण नॅनोसेकंदाइतकी खरी असते असं मात्र मुळीच नाही.

यातला एक फरक कापताना हटकून नडतो. जिथे शेवटही नोंदलेला असतो, तिथे एका अध्यायाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात जुळेलच याची खात्री नसते. मधे दीड सेकंद उरला असेल तर तो दोन्ही तुकड्यांतून गळतो, आणि त्या दीड सेकंदात कधी अध्यायाची शेवटची ओळही असते. म्हणून शेवटची वेळ दिलेली असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंत कापावं. सर्वांत शेवटचा अध्याय फाइलच्या अखेरपर्यंत.

खुणांची यादी बघायला `ffmpeg` सोबत येणारं `ffprobe` पुरतं:

```
ffprobe -v error -show_chapters -of json parayan.m4b
```

आता आपल्या पारायणाच्या फाइलीत ही यादी मिळाली असं समजू. अठरा नोंदी आहेत, दुसऱ्या अध्यायाची सुरुवात २७७२.४८० सेकंदांवर, म्हणजे शेहेचाळीस मिनिटं बारा सेकंदांच्या जरा पुढे. कात्री लावायच्या आधी तीन खुणा ऐकाव्यात: दुसऱ्या अध्यायाची, मधली एखादी, आणि अठराव्याची. फक्त पहिल्या दोन-तीन ऐकून पुढे जाणं हीच इथली नेहमीची फसगत, कारण चूक बहुधा वाढत जाणारी असते.

चूक कशी वाढते यावरून तिचं कारण ओळखता येतं. तिन्ही खुणा सारख्याच, समजा चार सेकंदांनी, लवकर येत असतील तर खुणा घातल्यानंतर कुणीतरी सुरुवातीला चार सेकंदांची भर घातली आहे: एखादा मंगलध्वनी किंवा निर्मात्याची ओळख. सगळ्या खुणांत चार मिळवले की काम झालं. चूक वेळेच्या प्रमाणात वाढत असेल, पहिल्या तासाला एक सेकंद आणि चोविसाव्या तासाला चोवीस, तर ध्वनिमुद्रणाचा वेग बदलला आहे. जुन्या टेपवरून दोनदा उतरवलेल्या मुद्रणात हे घडतं, दोन्ही वेळी टेप अगदी सारखी फिरलेली नसते. तिथे मिळवून चालत नाही, गुणावं लागतं. एका विशिष्ट अध्यायापर्यंत सगळं बरोबर आणि त्यापुढे सगळं सारख्याच अंतराने चुकलेलं असेल, तर तो एक अध्याय मागाहून बदलला किंवा साफ केला आहे.

चौथा प्रकार सर्वांत फसवा. प्रत्येक अध्यायागणिक चूक थोडी वाढते, पण वेळेच्या प्रमाणात नाही. पाच तासांच्या अध्यायानेही तेवढीच वाढते आणि पाऊण तासाच्यानेही. असं असेल तर अठरा वेगळ्या फाइली जोडून ही एक फाइल बनवली आहे, आणि जोडणाऱ्याने प्रत्येकीची लांबी पूर्ण सेकंदात घेऊन बेरीज केली आहे. सेकंदाचा अपूर्णांक दर वेळी गळला. सरासरी अर्धा सेकंद धरला तर अठराव्या अध्यायाची खूण, तिच्या आधी सतरा फाइली असल्याने, आठ-साडेआठ सेकंद लवकर पडते. लक्षणही ठरलेलं: प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी आधीच्या अध्यायाचं शेपूट ऐकू येतं आणि ते शेपूट लांबत जातं. व्हिडिओखालच्या वर्णनात मिनिट-सेकंद लिहून केलेल्या खुणांचं दुखणं याच जातीचं, फक्त तिथे चूक साचत नाही. प्रत्येक खूण स्वतंत्रपणे एक सेकंदापर्यंत हुकलेली असते.

हे दुखणं कानाने एकेक अध्याय शोधून दुरुस्त करता येतं, पण शांतता शोधणं सोपं. वाचक अध्याय संपवून दोन-तीन सेकंद थांबतो. त्या जागा `ffmpeg` स्वतः काढून देतं:

```
ffmpeg -nostdin -i parayan.m4b -map 0:a \
  -af silencedetect=noise=-35dB:d=1.5 -f null - 2> shant.txt
```

इथे उणे पस्तीस डेसिबलच्या खालचा आणि दीड सेकंदाहून लांब चाललेला आवाज ही शांतता धरली आहे. `shant.txt` मध्ये प्रत्येक शांततेची सुरुवात आणि शेवट मिळतो. आपल्या दुसऱ्या अध्यायाजवळ समजा २७६९.९ ते २७७३.२ अशी शांतता मिळाली, तर २७७२.४८० ही खूण तिच्या पोटात आहे, तिला हात लावायचा नाही. तेराव्या अध्यायाची खूण शांततेच्या सहा सेकंद आधी पडत असेल तर ती उचलून शांततेत ठेवायची, शक्यतो शेवटाकडे, म्हणजे नवा तुकडा सुरू झाल्यावर ऐकणाऱ्याला फार थांबावं लागत नाही. या युक्तीची मर्यादा मराठी श्रोत्याला चटकन कळेल. पारायणामागे तंबोरा अखंड चालू असेल तर शांतता अशी सापडतच नाही. उंबरठा उणे पंचवीसपर्यंत वर नेऊन बघता येतं, पण मग वाचकाने हळू म्हटलेल्या ओळीही शांतता म्हणून निघू लागतात. तिथे कान हेच साधन. आणि शांततेची यादी खुणेला पर्याय नाही, हेही लक्षात ठेवलेलं बरं. पंचवीस तासांत दीड सेकंदाची शांतता शेकडो ठिकाणी सापडेल. त्यातली कोणती अध्यायाची, हे खूणच सांगते.

खूण ठीक झाली की मग कात्री. आवाज पुन्हा एन्कोड न करता, आहे तसा उचलून कापायचा असेल तर फाइलच्या आतल्या जाळीचा विचार करावा लागतो. एएसी प्रकारचा आवाज १०२४ नमुन्यांच्या फ्रेममध्ये बांधलेला असतो, आणि फ्रेम अर्धी करता येत नाही. ४४,१०० हर्ट्झला एक फ्रेम २३.२ मिलिसेकंदांची. आपली खूण २७७२.४८० सेकंदांवर, म्हणजे १२,२२,६६,३६८ व्या नमुन्यावर. याला १०२४ ने भागलं की १,१९,४००.७५ येतं. एन्कोडरने सुरुवातीला घातलेली भर बाजूला ठेवली, तर खूण फ्रेमच्या पाऊण वाटेवर पडली. काप एकतर १७.४ मिलिसेकंद आधी बसेल किंवा ५.८ मिलिसेकंद नंतर. तिसरी जागा नाही.

यावर फार चिंता करणारे लोक आहेत. निवेदनाच्या बाबतीत ती व्यर्थ आहे, कारण दोन सेकंदांच्या शांततेत सतरा मिलिसेकंद कुणाला ऐकू येणार? मैफलीचं मुद्रण असेल आणि खूण टाळ्यांच्या कडकडाटात किंवा आलापाकडून बंदिशीकडे जाताना असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे आणखी एक अडचण पुढे येते. एएसीत प्रत्येक फ्रेमचा अर्धा भाग आधीच्या फ्रेममध्ये मिसळलेला असतो, दोन्ही एकत्र आल्या तरच मूळ आवाज उभा राहतो. कापल्यावर पहिल्या फ्रेमला मागची जोडीदार उरत नाही, म्हणून तिचा आवाज अपुरा निघतो. चांगली साधनं तेवढा भाग वगळण्याची सूचना नव्या फाइलीत लिहून ठेवतात, आणि काही प्लेअर ती वाचत नाहीत. तुकडे एकामागोमाग वाजवले की सांध्यावर टिचकीसारखा आवाज येतो तो यामुळे. सलग संगीत असेल तर मुळातली फ्लॅक किंवा वेव्ह फाइल मिळवून तीच कापावी आणि तुकडे मग हव्या त्या प्रकारात बदलावेत. दुसरा खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

पारायणासाठी मात्र आहे तसा आवाज उचलणंच योग्य. चौसष्ट किलोबिटचं मुद्रण पंचवीस तासांत सुमारे ७२० एमबी होतं. ते पुन्हा एन्कोड केलं तर वेळ जाईल आणि आधीच आवळलेला आवाज आणखी खराब होईल. लिनक्स किंवा मॅकवर पुरेसा होणारा छोटा कार्यक्रम असा:

```
ffprobe -v error -show_entries chapter=start_time,end_time \
  -of csv=p=0 parayan.m4b |
while IFS=, read -r s e; do
  n=$((n+1))
  ffmpeg -nostdin -v error -i parayan.m4b -ss "$s" -to "$e" \
    -map 0:a -c copy -map_chapters -1 \
    -metadata track="$n/18" "$(printf %02d "$n").m4a"
done
```

यात शेवटची वेळ वापरली आहे, कारण या फाइलीत ती पुढच्या सुरुवातीशी जुळते हे आधी पाहून घेतलं. `-map 0:a` मुळे फक्त आवाज येतो. मुखपृष्ठाचं चित्र आणि खुणांचा मजकूर-ट्रॅक मागे राहतात, आणि तो ट्रॅक सोबत घ्यायचा प्रयत्न केला की काम बहुधा अडतं. `-map_chapters -1` नसेल तर प्रत्येक तुकड्यात आपल्याच नावाची एक खूण उरते, निरुपद्रवी पण निरुपयोगी. `-nostdin` मात्र निरुपद्रवी नाही. तो विसरला तर `ffmpeg` अध्यायांच्या यादीतलीच अक्षरं आपल्याला दिलेल्या कळा समजून खाऊन टाकतं, आणि मग काही अध्याय गायब होतात, काहींच्या वेळेचे पहिले आकडे उडतात. चूक दर वेळी वेगळी दिसते म्हणून कारण सापडायला वेळ लागतो.

आणखी एक नेहमीची चूक `-ss` च्या जागेची. काम भराभर व्हावं म्हणून पुष्कळजण `-ss` हे `-i` च्या आधी नेतात आणि `-to` मागेच ठेवतात. मग घड्याळ कापाच्या जागेपासून पुन्हा शून्यावर येतं, आणि `-to` हा शेवट न राहता लांबी बनतो. शेहेचाळीसाव्या मिनिटाला सुरू होऊन दोन तासांच्या खुणेवर संपायचा अध्याय सुरुवातीपासून पुढे पूर्ण दोन तास चालतो आणि तिसऱ्या अध्यायात घुसतो. दोन्ही आधी न्यावेत किंवा दोन्ही मागे ठेवावेत. ही चूक पकडायला ऐकण्याचीही गरज नसते. सगळ्या तुकड्यांच्या लांबीची बेरीज मूळ फाइलशी पडताळायची. अठरा तुकड्यांत फरक जास्तीत जास्त अर्ध्या सेकंदाचा असावा. पंचवीस तासांची बेरीज शंभर तासांच्या पलीकडे गेली तर दुसरीकडे बघायला नको.

आज्ञा टाइप करायचा कंटाळा असेल तर `LosslessCut` मध्ये खुणा पडद्यावर दिसतात, त्या सरकवून तुकडे काढता येतात, आणि नवख्या माणसाला मी तेच सुचवेन. `Audacity` मध्ये खुणा लेबल म्हणून आणून लेबलागणिक फाइली काढता येतात, पण तिथे आवाज पूर्ण उलगडून पुन्हा एन्कोड होतो. विकत घेतलेली, कुलूपबंद श्राव्य पुस्तकं यातल्या कशानेच सरळ उघडत नाहीत, तो वेगळा आणि कायद्याचा विषय आहे.

मूळ फाइल एमपीथ्री असेल तर दोन गोष्टी बदलतात. एमपीथ्रीची फ्रेम ११५२ नमुन्यांची असते, पण ती स्वयंपूर्ण नसते. तिचा थोडा मजकूर, ५११ बाइटपर्यंत, आधीच्या फ्रेममधल्या शिल्लक जागेत ठेवलेला असू शकतो. कापलेल्या जागी ती शिल्लक मागे राहते आणि पहिली फ्रेम मुकी होते किंवा टिचकी देते. शांततेत कापलं तर हेही ऐकू येत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बिटरेट बदलत जाणारी एमपीथ्री असेल तर काही प्लेअर वेळेवरून जागा अंदाजाने काढतात. तीच खूण एका प्लेअरमध्ये बरोबर वाटते आणि दुसऱ्यात वीस सेकंद चुकलेली. अशा वेळी खूण हलवण्याआधी फाइल पूर्ण उलगडून वेव्हमध्ये बदलावी आणि तिथे ती वेळ ऐकावी. तिथे खूण बरोबर असेल तर खोट प्लेअरची. `mp3splt` मध्ये `-f` हा पर्याय अशा फाइलींसाठीच आहे, तो अंदाज न करता प्रत्येक फ्रेम मोजत जातो. त्याला वेळ लागतो, लागू द्यावा.

फ्लॅक आणि `.cue` ची जोडी सर्वांत सरळ, कारण आवाज उलगडून पुन्हा बांधला तरी काही हरवत नाही. पंचाहत्तरावा भाग म्हणजे ५८८ नमुने, आणि काप बरोबर त्या नमुन्यावर बसतो. `shnsplit` हे काम चोख करतं. फक्त फ्लॅकला `-c copy` लावू नये. तुकडा वाजतो, पण त्याच्या डोक्यावर मूळ फाइलची लांबी आणि मूळ आवाजाची तपासणी-संख्या तशीच राहते. चाळीस मिनिटांचा तुकडा पंचवीस तासांचा दिसतो आणि `flac -t` त्याला खोटा ठरवतं.

व्हिडिओबद्दल थोडक्यात, कारण तिथे पर्यायच कमी. चित्र फक्त की-फ्रेमवर कापता येतं, आणि पुष्कळदा वापरल्या जाणाऱ्या `x264` मध्ये दोन की-फ्रेममधलं अंतर २५० चौकटींपर्यंत असू शकतं, म्हणजे सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या तर दहा सेकंद. `mkvmerge` चं `--split chapters:all` खुणेवर किंवा तिच्यानंतर येणाऱ्या पहिल्या की-फ्रेमपर्यंत थांबतं आणि मग कापतं. कीर्तनाच्या व्हिडिओत उत्तररंगाचे पहिले आठ सेकंद पूर्वरंगाच्या फाइलीत गेलेले दिसले, तर खूण चुकलेली नाही. ते आठ सेकंद परत हवे असतील तर चित्र पुन्हा एन्कोड करण्यावाचून इलाज नाही.

शेवटची अडचण नावांची, आणि देवनागरीत ती जास्त बोचते. खुणेचं शीर्षकच फाइलचं नाव करण्याचा मोह होतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलंतसुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. म्हणजे सगळी मिळून ८५ चिन्हं, आणि त्यात जोडाक्षरं भराभर जागा खातात. `chpl` कप्प्यातल्या शीर्षकालाही हीच २५५ बाइटची हद्द आहे, कारण तिथे लांबी लिहायला एकच बाइट दिलेला आहे. `ffmpeg` ने लिहिलेलं लांबलचक शीर्षक या हद्दीवर बाइट मोजून तुटतं, अक्षर बघून नाही. शीर्षकाच्या शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसलं तर अक्षर मध्येच कापलं गेलं असं समजावं.

म्हणून फाइलचं नाव `01.m4a` ते `18.m4a` एवढंच ठेवावं आणि "अर्जुनविषादयोग" हे शीर्षक टॅगमध्ये लिहावं. दोन अंकी आकडा हवाच, नाहीतर पहिल्यानंतर दहावा अध्याय लागतो. एवढं करूनही गाडीतला प्लेअर अध्याय उलटसुलट लावत असेल तर दोष नावांचा नसतो. बरेच स्वस्त प्लेअर नाव बघतच नाहीत, पेनड्राइव्हवर नोंदी ज्या क्रमाने पडल्या त्याच क्रमाने वाजवतात, आणि एकदम कॉपी केलेल्या अठरा फाइलींच्या नोंदी भलत्याच क्रमाने पडू शकतात. पेनड्राइव्ह रिकामा करून फाइली एकेक करून क्रमाने टाकाव्यात, किंवा तो अनमाउंट करून त्यावर `fatsort` चालवावं. ते आवाजाला हात न लावता फक्त नोंदींचा क्रम नावाप्रमाणे लावून देतं.